कार्डाचा क्रमांक 'वैध' असणं आणि तुमचा असणं

प्रश्न : क्रेडिट कार्डाचं बिल भरताना क्रमांकात ०९ च्या जागी ९० टाइप झालं. पैसे दुसऱ्याच कुणाच्या कार्डावर जमा झाले. बँक म्हणते क्रमांक वैध होता. मग तो तपासणीचा अंक कशासाठी असतो? चार महिने शाखेत हेलपाटे घालतोय.

उत्तर : तपासणीचा अंक, म्हणजे क्रमांकातला शेवटचा अंक, मांडणी बरोबर आहे की नाही एवढंच सांगतो. कार्ड कुणाचं, हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे 'यंत्रणेनं चूक पकडायला हवी होती' हा मुद्दा तक्रारीत पुढे करू नका, त्यावर तुम्ही हराल.

का, ते ४००० ००१२ ३४०९ ५६७७ या काल्पनिक क्रमांकावर पाहा. उजवीकडून दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. इथे ती ५० येते. दहानं भाग जातो, म्हणून क्रमांक पास. ५६ चे ६५ केले तर बेरीज ५१ होते आणि चूक तिथेच अडते. पण ०९ चे ९० केले तर नवाची दुप्पट अठरा, त्यातून नऊ गेले की पुन्हा नऊच. बेरीज ५० ची ५०. एखादाच अंक चुकला तर ही रीत तो हमखास पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही पकडते, अपवाद फक्त ० आणि ९ या जोडीचा. तुम्ही नेमके त्यातच सापडलात.

तुमच्या बाजूचा मुद्दा क्रमांकाच्या सुरुवातीला आहे. पहिला अंक ४ असेल तर कार्ड व्हिसाचं, ५१ ते ५५ नं सुरुवात असेल तर मास्टरकार्डचं, आणि पहिले सहा अंक (नव्या पद्धतीत आठ) कार्ड देणारी बँक सांगतात. तुमची चूक त्या अंकांनंतरची असेल, तर पैसे ज्या खात्यात गेले ते तुमच्या कार्डाच्याच बँकेत आहे. खातेदार कोण हे तिला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही. तक्रारीत हे ठळक लिहा.

आता खरी अडचण. चार महिन्यांत तुम्ही लेखी एक ओळही दिलेली दिसत नाही. शाखेतल्या तोंडी बोलण्याला पुढे कुणी विचारत नाही. कार्डाच्या करारात हरकत नोंदवायची मुदत असते, ती आजच काढून वाचा. सगळं तिच्यावर अडलं आहे. मुदत उरली असो वा नसो, कार्ड देणाऱ्या बँकेला आजच लेखी कळवून पोच घ्या आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्या बँकेला प्रत द्या. पत्रात व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम आणि दोन्ही कार्डांचे पहिले सहा व शेवटचे चार अंक लिहा. पूर्ण क्रमांक कागदावर नको.

पैसे परत मिळतील का, हे करार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. समोरच्यानं ती जमा रक्कम खर्चून टाकली असेल तर वसुली लांबेल. त्याच्या संमतीशिवाय बँक रक्कम उलटवेल, असंही गृहीत धरू नका.