परदेशी कराचं परिपत्रक दुकानदाराला कसं सांगावं

प्रश्न: ब्रिटनच्या व्हॅटचं लांबलचक परिपत्रक आहे. ओळखीच्या छोट्या व्यावसायिकाला इंग्रजी जमत नाही. शब्दशः भाषांतर करून देऊ की सारांश?

सारांशच द्या, पण परिपत्रकाच्या क्रमाने नको. इतक्या ठामपणे सांगतोय, कारण याच व्हॅटचा सारांश एकदा माझ्या हातून चुकला आहे.

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या ओळखीच्या एक वहिनी महेश्वरी दुपट्टे विकतात. लंडन-लेस्टरची मंडळी फोनवर ऑर्डर देतात, वहिनी कुरियरने पार्सल धाडतात. १ जानेवारी २०२१ पासून तिथले नियम बदलले. मी त्यांना कलमामागून कलम घेत चार पानं लिहून दिली. त्यात एक वाक्य होतं, ‘१३५ पौंडांपर्यंतच्या मालावर सीमेवर आयात व्हॅट लागत नाही.’ मूळ कागदाला ते धरूनच होतं. वहिनींनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि छोटी पार्सलं करमुक्त असतात असं धरून चालल्या. गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, ‘तीन नको, दोनच मागवा.’

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. सीमेवर कर लागत नाही, कारण तो विकतानाच विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन तिथल्या कर खात्यात भरायचा असतो. त्यासाठी ब्रिटनमध्ये व्हॅटची नोंदणी लागते. तिथल्या व्यापाऱ्याला ९०,००० पौंडांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. बाहेरून थेट विकणाऱ्याला ही सवलत नाही, पहिल्या पौंडापासून नोंदणी. म्हणजे माझ्या वाक्यामुळे वहिनी ज्या बाजूला सरकल्या, तिथेच जबाबदारी त्यांच्या अंगावर येत होती.

हिशेब असा. एक दुपट्टा ४८ पौंडांचा. दोन घेतले तर ९६, वर टपाल ९. १३५ ची मर्यादा तपासताना बिलात वेगळं दाखवलेलं टपाल धरत नाहीत, आणि व्हॅटही धरत नाहीत. पण व्हॅट मात्र टपालासकट १०५ वर २० टक्के, म्हणजे २१ पौंड. गिऱ्हाइकाने द्यायचे १२६. तीन दुपट्टे झाले १४४, म्हणजे मर्यादा ओलांडली. आता आयात व्हॅट आणि लागू असेल ती जकात सीमेवर, बहुधा कुरियरवाला गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, वर स्वतःचं शुल्कही लावतो.

दुसरी चूक एका शब्दाची. ‘कन्साइनमेंट’ला मी ‘माल’ लिहिलं. वाचणाऱ्याला वाटू शकतं, मर्यादा एकेका दुपट्ट्याची आहे. तिथे ‘पार्सल’ लिहिलं असतं तर प्रश्नच उरला नसता, कारण मोजायची असते अख्ख्या पार्सलातल्या वस्तूंची मिळून किंमत. तसंच ‘१३५ च्या आत’ लिहू नका. ‘१३५ किंवा त्याहून कमी’ असं स्पष्ट लिहा.

दुसऱ्यांदा मी एकच पान लिहिलं. वर प्रश्न टाकला: ‘हा कर कोणी गोळा करायचा?’ खाली उत्तरं. ऑनलाइन बाजारपेठेतून विकलंत तर ती बाजारपेठ गोळा करते, त्यासाठी तुम्हाला नोंदणी लागत नाही. गिऱ्हाईक तिथलं दुकान असेल आणि त्याने आपला व्हॅट क्रमांक दिला, तर पार्सल छोटं असलं तरी व्हॅट त्या दुकानाने भरायचा. तुमच्या बिलावर तसं लिहायचं. घरगुती गिऱ्हाइकाला थेट छोटं पार्सल धाडलंत तर तुम्ही. मोठं पार्सल असेल तर सीमेवर. वहिनींनी दहा मिनिटांत ठरवलं: सुटी विक्री बाजारपेठेतून, लेस्टरच्या एका दुकानाला थेट. मग मी मधे भेटवस्तूची ओळही घातली, कारण कुणीतरी त्यांना ‘गिफ्ट लिहा’ असं सुचवलं होतं. विकलेला माल भेट होत नाही; ती ३९ पौंडांची सवलत माणसाने माणसाला पाठवलेल्या खऱ्या भेटीची आहे.

आमचे मामा बँकेतून निवृत्त झालेले. ते आजही म्हणतात, ‘कागदात आहे तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस.’ मामा, मी पदरचं काही घातलं नाही. बाजारपेठेचं कलम मूळ कागदातच होतं, मी ते फक्त वर आणलं. चार पानांत तो एक ‘माल’ सोडला तर प्रत्येक शब्द बरोबर होता आणि वहिनींचा निर्णय चुकला. त्या बरोबर असण्याचा त्यांना काय उपयोग? हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

काही गोष्टी राहिल्या. लहान मुलांच्या कपड्यांवर तिथे शून्य दर आहे, म्हणून वरचा २० टक्क्यांचा हिशेब झबल्यांना लावू नका. आपल्याकडची जीएसटीची निर्यातीची कागदपत्रं वेगळी, ती तुमच्या सीएला विचारा. आणि पानाच्या माथ्यावर परिपत्रक कोणत्या तारखेचं वाचलं ते लिहा. हे नियम तिथे बदलत असतात, आणि तुमचं पान मात्र दुकानाच्या गल्ल्यात वर्षानुवर्षं पडून राहतं.