बार्टलबीच्या पडद्याआड: निबंधासाठी सिद्धान्त निवडताना

प्रिय,

तुझा आराखडा दोनदा वाचला. हर्मन मेलव्हिलच्या ‘बार्टलबी’ या कथेवर आघात-सिद्धान्ताच्या आधारे निबंध लिहायचा, असं तू ठरवलं आहेस. कारकून बार्टलबी आधी टपालखात्यातल्या बेवारस पत्रांच्या कचेरीत होता, तिथल्या कामाचा त्याच्या मनावर आघात झाला आणि म्हणून तो एकेक काम नाकारत जातो, असा तुझा मुद्दा. सिद्धान्ताचं वाचन चांगलं झालेलं दिसतं. अडचण कथेच्या बाजूने आहे, आणि ती कुठे आहे हे नीट दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आघात-सिद्धान्ताला काम करायला काय लागतं ते आधी पाहू. जे घडलं ते त्या क्षणी पूर्ण अनुभवता येत नाही आणि नंतर ते स्वप्नांतून, भासांतून, पुनरावृत्तीतून परत येत राहतं, ही त्याची मूळ मांडणी. म्हणजे संहितेत पात्राच्या मनापर्यंत जाणारी एखादी तरी वाट हवी. व्हर्जिनिया वुल्फच्या 1925 सालच्या ‘मिसेस डॅलोवे’ या कादंबरीत ती आहे. युद्धावरून परतलेल्या सेप्टिमसला मेलेला मित्र समोर दिसतो आणि आपण त्याच्या डोक्यात शिरून ते पाहतो. तिथे हा सिद्धान्त घे, तो भरपूर देईल.

‘बार्टलबी’त ती वाट लेखकाने मुद्दाम बुजवली आहे. निवेदक, म्हणजे बार्टलबीला कामावर ठेवणारा वकील, सुरुवातीलाच सांगतो की या माणसाचं पूर्ण चरित्र लिहायला साधनंच उपलब्ध नाहीत. आणि बेवारस पत्रांच्या कचेरीची गोष्ट? ती कथा संपल्यावर, जोडपत्रासारखी येते. निवेदक स्वतःच तिला कानावर आलेली अफवा म्हणतो आणि तिला आधार काय हे आपल्याला कधी कळलं नाही, अशी कबुलीही देतो. तुझ्या निबंधाचा सगळा भार नेमका या अफवेवर आहे. तुझ्या आराखड्यात ‘असावा’, ‘शक्यता आहे’, ‘असं मानता येईल’ असे शब्द सात वेळा आलेत. सिद्धान्त संहितेवर लादला जातोय हे ओळखायची माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण हीच. पुरावा संपला की वाक्यं शक्यतेत बोलू लागतात.

आता उलट्या दिशेने ये. चार दिवस सिद्धान्ताची पुस्तकं मिटून ठेव. कथा दोनदा वाच आणि दुसऱ्या वाचनात बारा ते पंधरा नोंदी कर. प्रत्येक नोंदीत मूळ शब्द आणि पानाचा आकडा हवा. ‘एकाकीपणा’, ‘सत्ता’ असले शब्द नोंदीत नकोत, ते निष्कर्ष आहेत. नोंद अशी असते: बार्टलबीच्या खिडकीबाहेर तीन फुटांवर भिंत आहे. नकलनविसांना दर शंभर शब्दांना चार सेंट मिळतात. वकील बार्टलबीच्या टेबलाभोवती उंच हिरवा पडदा लावतो. तिसऱ्या दिवशी नक्कल ताडून बघायला बोलावताना वकिलाची मान कागदावर खाली आहे आणि नक्कल धरलेला उजवा हात बाजूला पुढे केलेला आहे. सांगितलेल्या कामाला बार्टलबी ‘न करणं मला पसंत आहे’ असं उत्तर देतो आणि थोड्या दिवसांनी वकील आणि इतर कारकून नकळत त्याचाच ‘पसंत’ हा शब्द वापरायला लागतात. जा म्हणून सांगताना वकील बारा डॉलर येणं अधिक वीस डॉलर वर, असे बत्तीस डॉलर देऊ करतो आणि बार्टलबी त्यांना हात लावत नाही.

या नोंदी झाल्या की मगच विचारायचं की यातलं आपल्याला सगळ्यात जास्त काय खटकतं. खटकलेल्या जागेचा एक प्रश्न कर आणि तसा प्रश्न विचारण्याची सवय कोणत्या सिद्धान्ताला आहे ते बघ. सिद्धान्त म्हणजे शेवटी प्रश्न विचारण्याची एक शिस्त. मार्क्सवादी समीक्षा विचारते की काम कोण करतं, मोबदला कोण ठरवतं. निवेदनशास्त्र विचारतं की पाहतो कोण, सांगतो कोण, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा.

मार्क्सवादी वाचन इथे पहिल्यांदा सुचेल आणि ते उपरं नाही. 1853 साली कथा छापली गेली तेव्हा तिच्या उपशीर्षकातच वॉल स्ट्रीट होतं. मजुरीचा दर, भिंती, नकला करण्याचं यांत्रिक काम, सगळं पानावर आहे. पण ते सगळ्या नोंदींवर चालवून बघ. बत्तीस डॉलरांपाशी ते अडखळतं. बार्टलबी जास्त मजुरी मागत नाही, कमी काम मागत नाही, काहीच मागत नाही. त्याला संपकरी ठरवायचं तर मागणी आपल्यालाच त्याच्या तोंडी घालावी लागेल.

आता पडद्याचं वाक्य जवळून बघ. वकील सांगतो की पडद्यामुळे बार्टलबी आपल्या नजरेआड राहील, पण आपल्या आवाजाच्या टप्प्यातून जाणार नाही. दिसायला नको, हाक मारली की हवा. तिसऱ्या दिवशीचा तो पुढे केलेला हात हीच व्यवस्था गृहीत धरतो, म्हणून तर मान वर करायची गरज वकिलाला वाटत नाही. पुढे बार्टलबीला ठेवून घेण्याचं कारण देताना हाच वकील म्हणतो की इथे मला स्वतःविषयीचं समाधान स्वस्तात विकत घेता येतं. दया दाखवतानाही भाषा खरेदीची. म्हणजे खरा प्रश्न बार्टलबीच्या मनात काय आहे हा नाही. त्याला धडपणे कधी न पाहिलेला माणूस त्याची गोष्ट का सांगतोय आणि सांगून स्वतःची सुटका कशी करून घेतोय, हा आहे.

या प्रश्नाला अविश्वसनीय निवेदकाची, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर वाचकाने पुरतं विसंबू नये अशा निवेदकाची, संकल्पना नेमकी बसते. समीक्षक वेन बूथने ती 1961 साली मांडली. तिच्यामुळे ती अफवासुद्धा कामाला येते. आता ती खरी की खोटी हे ठरवावं लागत नाही. वकिलाला शेवटी एखादं कारण चिकटवण्याची गरज का पडली, एवढंच विचारायचं. जो तपशील आधीच्या वाचनाला पोकळ करत होता तोच इथे पुरावा होतो. वर्गाचा मुद्दाही सोडायला नको, खरेदीच्या भाषेपाशी तो आपोआप येईल. फक्त तो दुय्यम राहू दे.

एक नोंद मात्र या चौकटीतही पुरती बसत नाही, ‘पसंत’ शब्दाची लागण. ती निवेदकाने लपवलेली नाही, उलट तोच घाबरून सांगतो. ‘न करणं मला पसंत आहे’ हे वाक्य ना होकार ना सरळ नकार. शिक्षा करायला हवा असलेला अवज्ञेचा शब्दच त्यात नाही, म्हणून मालकाचा हुकूम अधांतरी राहतो. तुला हेच जास्त ओढून घेत असेल तर प्रश्न बदल आणि भाषेकडे जा. फ्रेंच तत्त्वज्ञ जील दलूझने 1989 मध्ये याच वाक्यावर निबंध लिहिला आहे, पण तो स्वतःचा मसुदा झाल्यावर वाच. आधी वाचलास तर त्याचीच वाक्यं तुझ्या लेखणीतून उतरतील. निवेदकाचाच प्रश्न ठेवणार असशील, तर ही नोंद आपल्या वाचनात पूर्ण बसत नाही हे शेवटाकडे दोन-तीन वाक्यांत स्पष्ट लिही. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत. गुण जातात ते लपवण्याने.

लिहिताना प्रमाण सांभाळ. दीड हजार शब्दांच्या निबंधात सिद्धान्ताची ओळख दीडशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नकोस. आत्ताच्या आराखड्यात पहिली दोन पानं त्यातच गेली आहेत आणि कथेचं पहिलं अवतरण तिसऱ्या पानावर येतं. मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदातले सिद्धान्ताचे शब्द पेन्सिलीने खोडून उरलेलं वाच. उरलेलं दुसऱ्या कुठल्याही कथेला लागू पडत असेल तर तो परिच्छेद अजून या कथेबद्दल झालेला नाही.

नोंदी आधी पाठव, मसुदा नंतर. आणि पहिलं वाक्य सिद्धान्ताने नको, त्या हिरव्या पडद्याने सुरू करून बघ.

सस्नेह