कार्यशाळेनंतरचे अभिप्राय हजेरीशी जोडून कोणतं सत्र चांगलं झालं ते कसं काढायचं?

जोडणी नावावरून करू नका. एकच माणूस हजेरीत ‘एस. पाटील’ आणि फॉर्मात ‘सुनीता पाटील’ असतो. नोंदणी क्रमांक वापरा, आणि तो आधीच भरलेली लिंक प्रत्येकाला पाठवा म्हणजे टाइप करायची वेळच येणार नाही.

सुरुवात हजेरीच्या शीटपासून करा: एक व्यक्ती, एक सत्र, एक ओळ. A मध्ये क्रमांक, B मध्ये सत्राचा कोड. अभिप्रायाच्या शीटला Feedback नाव द्या, तिथेही हाच क्रम ठेवा आणि हजेरीच्या शीटच्या C मध्ये लिहा:

```
=COUNTIFS(Feedback!A:A,A2,Feedback!B:B,B2)
```

0 म्हणजे उत्तर नाही, 2 म्हणजे दोनदा भरलंय; शेवटचं ठेवा. सगळीकडेच 0 आलं तर बहुधा क्रमांकामागे स्पेस राहिलीय, TRIM लावा. हेच सूत्र उलट बाजूनेही, म्हणजे अभिप्रायाच्या शीटमध्ये Feedback ऐवजी हजेरीच्या शीटचं नाव घालून चालवा. न बसलेल्या सत्राला गुण देणारे हमखास सापडतात, त्यांना वगळा.

आता नुसती सरासरी पाहिलीत तर फसाल. समजा सत्र 1 ला 40 हजर, 12 उत्तरं, सरासरी 4.6, सत्र 2 ला 38 हजर, 31 उत्तरं, सरासरी 4.2. गप्प राहिलेल्यांना 3 गुण धरून पाहा: पहिलं 3.48 वर येतं, दुसरं 3.98 वर. हे 3 गृहीतच आहेत, पण क्रम एवढ्यानेच उलटत असेल तर पहिल्या सत्राला ‘सर्वोत्तम’ म्हणायला पुरेसा आधार नाही. म्हणून सरासरीशेजारी उत्तरांचं प्रमाण (30% आणि 82%) नेहमी दाखवा.