बायपासमध्ये छातीतली धमनी आणि पायातली शीर

प्रश्न: बाबांची (वय ६३, वजन ८८ किलो, शुगर आहे, एचबीएवनसी ९) नागपुरात बायपास ठरली आहे. अँजिओग्राफीत एलएडी ९० टक्के, ओएम ८५ आणि उजवी ७० टक्के ब्लॉक आहे. सर्जन म्हणाले, एक नळी छातीतली घेऊ, दोन पायातल्या. छातीतली जास्त वर्षं टिकते असंही तेच सांगून राहिले. मग तिन्ही छातीतल्याच का नाही घेत?

उत्तर:

मी नागपुरातच हार्ट सर्जरीच्या ओटीत फिजिशियन असिस्टंट आहे. पायातली शीर काढून ती सर्जनच्या हाती देणं हे माझं रोजचं काम. तुमच्या बाबांसाठी सांगितलेला बेत बरोबर वाटतो. छातीतली एक नळी जिथे सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच, म्हणजे एलएडीला जाणार आहे. हृदयाचा पुढचा मोठा भाग आणि मधला पडदा याच धमनीवर जगतो. बाकी दोन ठिकाणी शीर घेण्यामागे शुगर, वजन आणि त्या ७० टक्क्यांच्या ब्लॉकेजचा हिशेब असणार.

आधी छातीतली नळी. ओटीत तिला सगळे लिमा म्हणतात. डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीपासून ती फुटते आणि छातीच्या मधल्या हाडाच्या कडेपासून साधारण बोटभर अंतरावर, बरगड्यांच्या मागून सरळ खाली उतरते. हाड उघडलं की सर्जन डावी बाजू उचलून धरतात आणि तिला भिंतीपासून हळूहळू सोडवतात. बरगड्यांकडे जाणाऱ्या तिच्या बारीक फांद्या क्लिप लावून एकेक करून बंद करतात. नंतर फक्त खालचं टोक कापतात. वरचं टोक जिथल्या तिथे राहतं. कापलेल्या टोकातून रक्ताची धार जोरात उडाली तर नळी चांगली आहे. धार मंद असेल तर आकुंचन घालवायला वरून पापाव्हेरीन टाकतात आणि थोडं थांबून पुन्हा बघतात. मग ते टोक एलएडीवर, ब्लॉकेजच्या पुढे शिवतात. एकच जोड, आणि नळीचा रक्तपुरवठा तिच्या मूळ जागेवरून एक क्षणही तुटत नाही.

ती टिकते याचं मुख्य कारण तिच्या भिंतीत आहे. धमनीच्या आतल्या अस्तराखाली लवचिक तंतूंचा एक पातळ पडदा असतो. हृदयाच्या धमन्यांत या पडद्याला जागोजागी छिद्रं असतात. मधल्या थरातल्या स्नायूपेशी त्या छिद्रांतून आत येतात, अस्तराखाली वाढतात, आणि पुढे तिथेच चरबी साचते. लिमात हा पडदा जवळजवळ अखंड असतो, छिद्रं फार कमी. शिवाय तिच्या मधल्या थरात स्नायूपेशी मुळातच थोड्या आणि लवचिक तंतू जास्त, म्हणजे आत शिरणाऱ्या पेशीही कमी आणि शिरायला वाटही कमी. तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर बनवतं. त्याने नळी सैल राहते आणि प्लेटलेट्स चिकटत नाहीत. साठी ओलांडलेल्या शुगरच्या पेशंटची हृदयाची धमनी खडूसारखी कडक लागत असते, आणि त्याच माणसाची लिमा मात्र मऊ आणि स्वच्छ निघते. हे मी ओटीत कायम बघतो.

आता माझ्या हातातली शीर. पायातली ती लांब शीर घोट्यापासून मांडीपर्यंत जाते. उभं आयुष्य तिने अशुद्ध रक्त वर नेलं, अगदी कमी दाबावर. झोपलेल्या माणसात तो दाब पाऱ्याचे दहा मिलिमीटरही भरत नाही. ती महाधमनीला जोडली की पहिल्याच ठोक्याला १२० चा दाब झेलते. तिच्यात झडपा असतात म्हणून ती उलटी करून लावावी लागते, नाहीतर रक्त अडेल. मी तिचं घोट्याकडचं टोक लगेच ओळखीसाठी बांधून ठेवतो. फांद्या बांधून झाल्या की गळती बघायला सिरिंजने आत द्रव सोडून ती फुगवतात. इथे फार जपावं लागतं. अंगठ्याचा जोर थोडा जास्त लागला तरी आतला दाब सहज ३०० च्या वर जातो आणि अस्तर सोलवटतं. बाहेरून शीर धडधाकट दिसते, पण आत जखम झालेली असते. शिरेच्या भोवतीची चरबी खरवडली तर भिंतीला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही जातात. लिमाची भिंत पातळ असल्याने आतून वाहणाऱ्या रक्तावर भागवते, शिरेला तेवढं पुरत नाही. म्हणून स्वीडनच्या ओरेब्रो इथल्या सर्जननी शीर भोवतीच्या चरबीसकट आणि न फुगवता काढायची पद्धत सुरू केली. तिचे निकाल चांगले आहेत, मात्र पायाची जखम जास्त त्रास देते.

शीर एका दिवसात बिघडत नाही, आणि तिचं बिघडणं वेगवेगळ्या काळात वेगळ्या कारणाने होतं. पहिल्या महिन्यात बंद पडली तर बहुतेक गुठळीमुळे: दुखावलेलं अस्तर, पीळ पडलेली शीर किंवा जोडात काही अडचण. पुढे वर्षभर ती नव्या दाबाशी जुळवून घेते. भिंत जाड होते, स्नायूपेशी अस्तराखाली येऊन वाढतात आणि आतली जागा अरुंद होते. तिला अडवणारा तो पडदा शिरेत नीट नसतोच. वर्षानंतर याच जाड झालेल्या थरात चरबी साचू लागते. शिरेतला हा थर मऊ आणि ठिसूळ असतो, सहज फुटतो. म्हणूनच जुन्या शिरेत स्टेंट टाकताना कार्डिओलॉजिस्ट धास्तावतात, कारण तुकडे सुटून पुढे जाऊन अडकतात.

रुंदीचाही भाग आहे. शीर हृदयाच्या धमनीपेक्षा बरीच रुंद असते, आणि नदीचं पात्र रुंद झालं की पाणी जसं मंदावतं तसं रक्त तिच्यात मंद वाहतं. मंद रक्त अस्तराला पुरेसं घासत नाही, आणि त्या घासण्यानेच तर अस्तर निरोगी राहतं. लिमाचा घेर एलएडीच्या घेराशी चांगला जुळतो, आणि मागणी वाढली की ती वर्षांनुवर्षं थोडी रुंदही होते.

म्हणूनच दहा वर्षांनी तपासलं तर एलएडीला लावलेल्या लिमा नव्वद टक्क्यांहून जास्त चालू सापडतात, आणि शिरा साधारण निम्म्या ते साठ टक्के. १९८६ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने दहा वर्षांचा हिशेब मांडून दाखवलं की एलएडीला लिमा मिळालेले पेशंट फक्त शिरा मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले. तेव्हापासून एलएडीला लिमा हा जवळपास नियमच झाला.

मग तिन्ही का नाही? छातीत अशा नळ्या दोनच असतात, डावी आणि उजवी. तिसऱ्या जागेसाठी एकीच्या अंगाला दुसरी जोडून वळवून न्यावी लागते. ते होतं, काही सर्जन उत्तम करतात. पण छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा याच दोन नळ्यांवर असतो. दोन्ही काढल्या की हाड उपाशी पडतं, आणि त्यात शुगर ताब्यात नसेल, वजन जास्त असेल, तर हाड न जुळण्याची आणि खोल पू होण्याची भीती वाढते. ब्रिटनमधून चालवलेल्या एआरटी नावाच्या मोठ्या चाचणीत छातीच्या जखमेची गुंतागुंत एक नळी घेतलेल्यांत १.९ टक्के आणि दोन घेतलेल्यांत ३.५ टक्के होती. दहा वर्षांनी दोन्ही गटांत जगणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. दोन नळ्या ठरलेल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात एकच लावली गेली, हेही त्या निकालात धरावं लागतं. तरी एचबीएवनसी ९ आणि ८८ किलो वजन असलेल्या माणसात सर्जन दुसरी नळी काढायला का कचरले असतील ते कळतं.

दुसरं कारण तुमच्या बाबांची उजवी धमनी. तिच्यात ब्लॉक ७० टक्केच आहे, म्हणजे तिच्यातून बरंच रक्त अजून स्वतःहून जातं. धमनीची नळी तिथे लावली तर दोन प्रवाह समोरासमोर येतात, नळीला काम उरत नाही आणि ती हळूहळू आकसून दोऱ्यासारखी बारीक होते. शीर अशी आकसत नाही. त्यामुळे अर्धवट ब्लॉकेजवर शीर लावणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

ओएम, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या भिंतीला रक्त नेणारी फांदी, ८५ टक्के ब्लॉक आहे. इथे सर्जनना एक गोष्ट जरूर विचारा: मनगटाकडून जाणारी रेडियल धमनी ओएमसाठी चालेल का? २०१८ मध्ये सहा चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा पाच वर्षांत रेडियल शिरेपेक्षा कमी बंद पडलेली दिसली. अटी मात्र आहेत. अँजिओग्राफी ज्या मनगटातून झाली तो हात सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या हाताच्या पंजाला उरलेल्या धमनीतून पुरेसं रक्त मिळतं का ते आधी तपासतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पुढे डायलिसिसच्या फिस्टुलासाठी ती धमनी राखून ठेवणं बरं. आणि रेडियलला आकुंचनाची सवय असल्याने नंतर काही महिने तिच्यासाठी वेगळी गोळी चालू ठेवतात.

भरती होण्याआधी बाबांचं बीपी दोन्ही हातांवर मोजून घ्या. डाव्या हातावर १५-२० ने कमी आलं तर ते सर्जनच्या कानावर घालाच. लिमा ज्या धमनीतून फुटते तिलाच वर अडथळा असला तर लिमाला रक्त कमी मिळेल, आणि हाताने काम करताना ती हृदयाचं रक्त उलट हाताकडे ओढेल. शुगर खाली आणायला किती दिवस थांबता येईल हे एलएडीच्या ९० टक्क्यांकडे आणि दुखण्याकडे बघून सर्जनच ठरवतील, ऑपरेशन पुढे ढकलायचा हट्ट धरू नका.

ऑपरेशननंतर शिरांसाठी ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. आपल्याकडे डिस्चार्जनंतर दोनेक महिन्यांत “आता बरं वाटते” म्हणून या गोळ्या सुटतात, आणि शिरेत भिंत जाड व्हायचा काळ नेमका तोच असतो. बिडी-सिगारेट आणि खर्रा दोन्ही बंद. इथे बायपास झालेले लोक हॉस्पिटलच्या गेटबाहेरच पुन्हा खर्रा घोटून घेतात, मला ते बघवत नाही. पायाच्या चिरेपासून सूज काही आठवडे राहते. बसल्यावर पाय वर ठेवायचा, लांब मोजा घालायचा. उन्हाळ्यात तो मोजा नकोसा होतो, पण घालायला लावा. चिरेतून पाणी येणं, लाली पसरणं, ताप, किंवा खोकताना छातीच्या हाडात कट-कट हलल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.