‘नन’ आणि ‘अनबाऊंड’: सेवा-व्यापाराच्या तक्त्यातले दोन शब्द

«सेवा-व्यापाराच्या करारात प्रत्येक देशाचा एक तक्ता असतो. त्यात जागोजागी ‘नन’ आणि ‘अनबाऊंड’ लिहिलेले दिसते. ‘नन’ म्हणजे काहीच कबूल केलेले नाही आणि ‘अनबाऊंड’ म्हणजे पूर्ण मोकळीक, असे समजून मी भाषांतरात ‘निरंक’ आणि ‘अनिर्बंध’ लिहिले. बरोबर आहे का?»

अर्थ नेमका उलटा आहे. ‘नन’ हे त्या तक्त्यातले सर्वांत मोठे वचन, आणि ‘अनबाऊंड’ म्हणजे वचनच नाही.

रकान्याचे शीर्षक वाचले की हे उलगडते. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा-करारात, म्हणजे १९९५ पासून लागू असलेल्या गॅट्समध्ये, तक्त्याच्या एका रकान्याचे शीर्षक आहे ‘बाजारप्रवेशावरील मर्यादा’ आणि शेजारच्याचे ‘राष्ट्रीय वागणुकीवरील मर्यादा’. राष्ट्रीय वागणूक म्हणजे परक्या पुरवठादाराला देशी पुरवठादारापेक्षा कमी लेखायचे नाही. रकाना विचारतो, मर्यादा कोणत्या? देश उत्तर देतो, एकही नाही. म्हणून ‘नन’. सरकारी नमुन्यात ‘निरंक’ लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, सांगण्यासारखे काही नाही. इथे मात्र त्या एका शब्दाने देशाने आपले हात बांधून घेतलेले असतात.

‘अनबाऊंड’ समजायला आयातशुल्काच्या वाटाघाटी आठवाव्या लागतात. तिथे एखाद्या वस्तूवरचे शुल्क ‘बाऊंड’ झाले म्हणजे देशाने एका कमाल दराला स्वतःला बांधून घेतले. त्यामुळे ‘अनबाऊंड’ म्हणजे बांधून न घेतलेला. इथे मोकळे आहे ते सरकार, व्यापारी नव्हे. म्हणून ‘अनिर्बंध’ हा शब्द वाचकाला थेट चुकीच्या बाजूला नेतो. मी ‘वचन नाही’ असे लिहीन, आणि ‘नन’साठी ‘मर्यादा नाही’. ‘वचन नाही’ म्हणजे ‘बंदी आहे’ असेही समजू नये. बाजार आज सताड उघडा असू शकतो, फक्त तो उद्या बंद करायचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवलेला असतो.

आता प्रत्येक चौकटीत १ ते ४ अशा ओळी का असतात ते पाहू. सेवा एका देशातून दुसऱ्या देशात चार वाटांनी पोचते, आणि देश प्रत्येक वाटेसाठी वेगळे उत्तर देतो. रुग्णालय-सेवेची एक काल्पनिक ओळ घ्या. पहिली वाट सीमापार पुरवठ्याची: रुग्णालय तिकडे, रुग्ण इकडे, सेवा तारेवरून. तिथे लिहिले आहे ‘अनबाऊंड’ आणि वर एक तारा. दुसरी वाट परदेशी जाऊन सेवा घेण्याची, तिथे ‘नन’. तिसरी म्हणजे परक्या कंपनीने येऊन रुग्णालय काढणे. तिथे ‘परकी भागभांडवल कमाल ५१ टक्के’. चौथी म्हणजे परक्या डॉक्टरांनी काही काळ येऊन काम करणे. तिथे ‘अनबाऊंड, समान विभागात नमूद केल्याखेरीज’.

दुसऱ्या ओळीतल्या ‘नन’वर बरेच जण अडखळतात. हे वचन येणाऱ्या परदेशी रुग्णांबद्दल नाही. हा देश आपल्या रहिवाशांना बाहेर जाऊन उपचार घेण्यापासून अडवणार नाही, असे ते आहे. चौथ्या ओळीतला ‘समान विभाग’ तक्त्याच्या सुरुवातीला असतो आणि त्यातल्या अटी यादीतल्या सगळ्या सेवांना लागतात. तो न वाचता खालचे ‘नन’ उचलले तर वचन आहे त्यापेक्षा मोठे दिसते. आणि ताऱ्याचा अर्थ असा, की ही वाट तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही असे देशाला वाटले. पुढे तंत्र बदलून ती शक्य झाली तर? तक्ते कसे भरावेत याच्या मार्गदर्शक सूचनांत उत्तर दिलेले आहे: तेव्हाही नोंद ‘अनबाऊंड’च राहते.

‘नन’ किती जड असू शकते, हे अमेरिकेला अँटिग्वा आणि बार्बुडा या छोट्या द्वीपराष्ट्राने दाखवले. अमेरिकेच्या तक्त्यात एक सेवा होती, ‘इतर मनोरंजन सेवा (क्रीडा वगळून)’. पहिल्या वाटेपुढे, बाजारप्रवेशाच्या रकान्यात, ‘नन’. अँटिग्वातल्या कंपन्या इंटरनेटवरून जुगार आणि पैजा चालवत होत्या, अमेरिकी कायदे त्याला मनाई करत होते. अमेरिकेचे म्हणणे होते की ‘क्रीडा’ या शब्दाच्या कोशातल्या अर्थात जुगारही येतो, म्हणजे तो वगळलेलाच आहे. वाद जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि तिथल्या अपील मंडळाने एप्रिल २००५ मध्ये ते मानले नाही. वाटाघाटींच्या वेळी वापरलेल्या सेवांच्या यादीशी आणि तिच्यामागच्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाशी त्यांनी अमेरिकेची ओळ ताडून पाहिली. त्या वर्गीकरणात क्रीडा आणि जुगार यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. क्रीडा वगळली तरी जुगार आतच राहिला.

एकदा जुगार त्या ओळीत आला की ‘नन’ आपले काम करते. बाजारप्रवेशाच्या कलमात सहा प्रकारच्या मर्यादांची यादी आहे: पुरवठादारांची संख्या, व्यवहारांचे मूल्य, सेवेचे प्रमाण, माणसांची संख्या, कंपनीचे कायदेशीर रूप आणि परके भांडवल. अमेरिका म्हणाली, आमची मनाई म्हणजे संख्येची मर्यादा नव्हे. मंडळाचे उत्तर होते की पूर्ण मनाई म्हणजे शून्याचा कोटा, आणि शून्य हीही संख्याच. सार्वजनिक नीतिमत्तेच्या अपवादाखाली असे कायदे बसू शकतात हे मंडळाने मान्य केले. पण घोड्यांच्या शर्यतींवर घरबसल्या पैजा घेण्याची मुभा एक अमेरिकी कायदा देशी कंपन्यांना देतो असे दिसत होते, आणि तोच नियम परक्यांना लागू होतो हे अमेरिकेला दाखवता आले नाही. तिथे बचाव तुटला. २००७ मध्ये अमेरिकेने ती ओळच मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. करारात तशी सोय आहे, पण बदल्यात इतर सदस्यांना भरपाई द्यावी लागते. त्याच वर्षी लवादाने अँटिग्वाला वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची मुभा दिली, तीही बौद्धिक संपदेच्या करारातली बंधने स्थगित करून.

त्या सहा मर्यादांची यादी लक्षात ठेवावी, कारण ‘नन’ची हद्दही तीच आहे. बाजारप्रवेशाच्या रकान्यातले ‘नन’ सांगते की या सहांपैकी एकही मर्यादा लावणार नाही. डॉक्टरांची पात्रता-परीक्षा किंवा रुग्णालयाच्या सुरक्षिततेचे निकष असे नियम त्याने रद्द होत नाहीत. त्यांच्यासाठी करारात वेगळे कलम आहे.

भाषांतर करताना तुमच्यापुढे एक अवघड नमुना येईल: एकाच वाटेपुढे बाजारप्रवेशाच्या रकान्यात ‘अनबाऊंड’ आणि राष्ट्रीय वागणुकीच्या रकान्यात ‘नन’. कार्डाने पैसे चुकते करण्याच्या सेवेबाबत अमेरिकेने चीनविरुद्ध नेलेल्या वादात हाच पेच होता. चीनच्या तक्त्यात पहिल्या वाटेसाठी, काही अपवाद सोडून, असेच लिहिलेले होते. २०१२ मध्ये तंटा-समितीने दोन्ही शब्दांना जागा दिली. त्या सहा प्रकारांतली मर्यादा असेल, तर ती परक्यांना वेगळे वागवणारी असली तरी चालेल, कारण बाजारप्रवेशाचे वचनच नाही. सहांच्या बाहेरच्या बाबतीत मात्र परक्याला देशी पुरवठादारापेक्षा कमी लेखता येणार नाही. अशा ओळीत ‘वचन नाही’ आणि ‘मर्यादा नाही’ हे दोन्ही शब्द आपापल्या रकान्यात जसेच्या तसे ठेवा. एकाच्या जोरावर दुसरा सौम्य करू नका.