७२० हवे होते, मिळाले ६९८: स्कोअर रिपोर्ट कसा वाचावा

प्रश्न: एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या SAA-C03 या प्रमाणपत्र परीक्षेत मला ६९८ मिळाले, पास व्हायला ७२० लागतात. रिपोर्टमध्ये चारपैकी दोन विभागांपुढे ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ लिहिले आहे. म्हणजे मी नेमका किती प्रश्नांनी हुकलो? आणि फक्त त्या दोन विभागांचा अभ्यास करून चौदा दिवसांची सक्तीची मुदत संपताच पुन्हा बसू का?

उत्तर:

तुम्ही बहुधा एक-दोन प्रश्नांनीच हुकला आहात. पण केवळ त्या दोन विभागांच्या भरवशावर चौदा दिवस संपताच पुन्हा बसू नका. मी नेमके तेच केले होते आणि दुसऱ्यांदाही नापास झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ६९८ हा आकडा पाहू. तो टक्केवारीसारखा दिसतो, पण टक्केवारी नाही. या परीक्षेची मोजपट्टी शून्यापासून सुरू होत नाही. ती १०० ते १००० अशी आहे. परीक्षेत ६५ प्रश्न असतात, त्यांपैकी १५ प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहायला घातलेले असतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत. ते कोणते, हे परीक्षार्थीला कळत नाही. म्हणजे तुमचा निकाल ५० प्रश्नांवर ठरला. मोजपट्टी अगदी सरळ आहे असे क्षणभर मानले, तर ९०० गुणांची ५० प्रश्नांत वाटणी होऊन एका प्रश्नाला १८ गुण येतात आणि तुमची २२ गुणांची तूट दोन प्रश्नांच्याही आत बसते. याच हिशेबाने ७२० ची रेषा ५० पैकी ३५ बरोबर उत्तरांच्या आसपास पडते.

मात्र हा हिशेब अंदाजापुरताच धरा, कारण मोजपट्टी सरळ असेलच असे नाही. प्रत्येकाला सारखाच प्रश्नसंच मिळत नाही आणि सगळे संच सारखे कठीणही नसतात. अशा परीक्षांत पास होण्याची रेषा साधारणपणे विषयातल्या जाणकारांच्या बैठकीत ठरते. जेमतेम पात्र असलेल्या उमेदवारांपैकी कितीजण हा प्रश्न बरोबर सोडवतील, याचा अंदाज ते प्रत्येक प्रश्नासाठी करतात आणि त्या अंदाजांच्या बेरजेवरून रेषा काढली जाते. समजा, सोप्या संचात ती ३६ वर आली आणि कठीण संचात ३४ वर, तरी रिपोर्टवर दोन्ही ठिकाणी ७२० च दिसतात. कच्च्या गुणांचे स्केल्ड गुण करण्याचे कारण हेच. ७२० चा अर्थ सगळ्यांसाठी एकच राहतो, त्यामागची प्रश्नसंख्या मात्र बदलू शकते. म्हणून ‘नेमके किती प्रश्न’ याचे उत्तर रिपोर्टवरून काढता येत नाही.

आणि ते मिळाले असते तरी त्याचा फारसा उपयोग झाला नसता. समजा एखाद्याची तयारी अशी आहे की या विषयातले कोणतेही शंभर प्रश्न दिले, तर तो सरासरी सत्तर सोडवेल. त्याला ५० प्रश्नांचे वेगवेगळे संच पुन्हा पुन्हा दिले, तर त्याचे गुण दर वेळी ३५ येणार नाहीत. साधारण तीनपैकी दोन वेळा ते ३२ ते ३८ च्या दरम्यान पडतील आणि बाकीच्या वेळी त्याच्याही बाहेर जातील. तयारी तीच, माणूस तोच. केवळ कोणते प्रश्न वाट्याला आले यावर तीन प्रश्नांचा फरक सहज पडतो. म्हणून ६९८ आणि ७२० या दोन आकड्यांत तयारीचा ठळक फरक दिसतो असे म्हणता येत नाही. तुम्ही रेषेच्या अगदी जवळ आहात एवढेच त्यातून कळते, आणि जो नेमका रेषेवर आहे त्याचा निकाल छापा-काट्यासारखाच असतो. तुम्ही काहीही न करता पुन्हा बसलात तर पास होऊही शकता. पण तशा पास होण्यासाठी पुन्हा पूर्ण शुल्क भरणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

आता विभागांचा तक्ता पाहू, कारण खरी फसगत तिथे होते. या परीक्षेच्या चार विभागांचे वजन असे आहे: सुरक्षित रचना ३० टक्के, बिघाडातही टिकणारी रचना २६, वेगवान रचना २४ आणि खर्चाची बचत करणारी रचना २०. गुण धरल्या जाणाऱ्या ५० प्रश्नांत याचे अनुक्रमे सुमारे १५, १३, १२ आणि १० प्रश्न होतात. खर्चाच्या विभागात अवघे दहा प्रश्न आहेत. सत्तर टक्के तयारी असलेल्या माणसाला तिथे कधी सहा, कधी आठ मिळणे अगदी स्वाभाविक आहे, आणि एवढ्याशा फरकाने शेरा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाऊ शकतो. त्यातून रिपोर्टवर ‘किती’ हे येत नाही. फक्त ‘मीट्स कॉम्पिटन्सीज’ किंवा ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ येते. थोडक्यात हुकलेला आणि पार ढेपाळलेला, दोघेही एकाच रकान्यात दिसतात. विभागवार शेरा जपून वाचावा, अशी सूचना एडब्ल्यूएसच्या परीक्षा-पुस्तिकेतच आहे. शिवाय प्रत्येक विभागात वेगळे पास व्हावे लागत नाही. एका विभागातली कमतरता दुसऱ्यात भरून निघते आणि निकाल एकूण गुणांवरच लागतो.

पहिल्या प्रयत्नात मला ६८१ मिळाले. टिकाऊ रचना आणि खर्च या दोन विभागांपुढे ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ होते. मी पुढचे पंधरा दिवस फक्त तेच दोन विभाग घोटले आणि लगेच परीक्षा दिली. गुण आले ६९४. टिकाऊ रचनेपुढचा शेरा या वेळी चांगला होता, खर्चापुढचा तसाच होता, आणि पहिल्या वेळी बरा असलेला सुरक्षेचा विभाग आता ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’मध्ये गेला होता. पंधरा दिवसांत मी सुरक्षा विसरले नव्हते. पहिल्या वेळी त्या पंधरा प्रश्नांत नशिबाने साथ दिली होती, एवढेच. सर्वांत जास्त वजनाचा विभाग मी ‘झाला’ म्हणून बाजूला ठेवला, तो दोन शब्दांच्या शेऱ्यावर विसंबून.

त्यानंतर तक्ता बाजूला ठेवून मी चुका तपासायला घेतल्या. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार असतो, त्यामुळे हे काम सरावाच्या प्रश्नांवरच करावे लागते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे मी तीनपैकी एक खूण करत असे: गोष्ट माहीतच नव्हती, दोन पर्यायांत गोंधळ झाला, किंवा प्रश्नातली अट नजरेतून सुटली. एक उदाहरण अजून आठवते. जुनी कागदपत्रे क्वचितच लागतात, लागली तर सहा तासांत मिळाली पाहिजेत, आणि साठवण सर्वांत स्वस्त हवी, असा प्रश्न होता. ‘सर्वांत स्वस्त’ वाचताच मी S3 Glacier Deep Archive हा साठवणीचा प्रकार निवडला. तिथून माल परत मिळायला नेहमीच्या पद्धतीने बारा तासांपर्यंत लागतात, हे मला पाठ होते. बरोबर उत्तर S3 Glacier Flexible Retrieval होते; तिथे नेहमीच्या पद्धतीने तीन ते पाच तास लागतात. हा प्रश्न खर्चाच्या विभागात मोडला असता, पण माझी चूक खर्चाच्या अज्ञानाची नव्हती, अट न वाचण्याची होती. महिनाभर खर्चाचा विभाग वाचून ती सुधारली नसती. माझ्या साधारण एक तृतीयांश चुका या जातीच्या निघाल्या आणि त्या चारही विभागांत विखुरलेल्या होत्या.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. घरच्या सरावात मला ८५ टक्के मिळत होते, पण ते त्याच त्या संचांवर. प्रश्नाची पहिली ओळ वाचली की उत्तराचा क्रमांक आठवत असे. कधीही न पाहिलेला संच घड्याळ लावून सोडवला, तेव्हा ६४ टक्के आले. हा आकडा मला रिपोर्टपेक्षा खरा वाटला.

म्हणून पुन्हा कधी बसायचे याचे माझे मोजमाप असे आहे. पूर्वी न पाहिलेला ६५ प्रश्नांचा संच, १३० मिनिटे, मध्ये न थांबता. असे दोन वेगवेगळे संच, आणि दोन्हींत किमान ५२ बरोबर, म्हणजे ८० टक्के. ऐंशीच का, याचे कारण वरच्याच हिशेबात आहे. रेषा सत्तर टक्क्यांच्या आसपास मानली, तर ज्याची खरी तयारी ७४ टक्क्यांची आहे तो पाचांतून एकदा नापास होतो. ८० टक्के तयारीच्या माणसावर ती वेळ तीस-चाळीस प्रयत्नांत एखाद्या वेळी येते. सरावाचे संच खऱ्या परीक्षेपेक्षा सोपे असू शकतात, म्हणून दोन संच वेगवेगळ्या ठिकाणचे असावेत आणि दोन्हींतला कमी आकडा खरा धरावा.

तुमच्या बाबतीत सांगायचे, तर अभ्यास सुरू करण्यापूर्वीच या आठवड्यात एक नवा संच सोडवा. ५० च्या आसपास आले तर चुकांच्या खुणा पाहा. बहुतेक चुका वाचण्याच्या किंवा गोंधळाच्या असतील, तर तीन आठवडे पुरतील. ४५ च्या आत आले तर तयारी अजून रेषेच्या खालीच आहे असे समजा आणि दोन महिने धरा. अभ्यास चारही विभागांचा, वजनाच्या प्रमाणात करा. चौदा दिवस ही फक्त नियमाची किमान मुदत आहे. प्रयत्नांच्या संख्येवर इथे मर्यादा नाही, त्यामुळे थांबल्याने संधी जात नाही. हा नियम मात्र सगळीकडे सारखा नसतो; मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांत पहिल्या अपयशानंतर २४ तासांनी बसता येते, पण पुढच्या प्रयत्नांसाठी चौदा दिवसांची अट लागते आणि वर्षातले प्रयत्नही मोजके असतात.

एक बारीकसारीक गोष्ट राहिली. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि सोडलेला प्रश्न चुकीचाच धरला जातो. दुसऱ्या वेळी वेळ संपला तेव्हा माझे तीन प्रश्न कोरे होते.

तिसऱ्यांदा मी सात आठवड्यांनी बसले आणि ७६८ मिळाले. खर्चाच्या विभागापुढे तेव्हाही ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’च होते.