नफा दिसतो आहे, मग कर्ज कशाला?

"आमच्या व्यवसाय आराखड्यात पहिल्याच तिमाहीत सव्वादोन लाखांचा नफा दिसतो आणि तरीही माझा भागीदार १५ लाखांचे कर्ज काढायला निघाला आहे. मी उत्पादनाची रचना पाहते, हिशेबातले मला कळत नाही. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. यांतले खरे कोणते मानायचे?"

तिन्ही खरी होती. प्रत्येक पत्रक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होते, एवढेच. बैठकीला दोघेही आले होते. भागीदारांना मी थोडा वेळ गप्प बसण्याची विनंती केली, कारण हिशेब जाणणारा माणूस समजावू लागला की व्याख्यांपासून सुरुवात करतो आणि ऐकणारा तिथेच हरवतो. बाईंना मी एवढेच म्हटले, "पहिल्या महिन्याच्या विक्रीचे ८ लाख कुठे आहेत, ते बोटाने दाखवा."

त्यांनी नफा-तोटा पत्रकातल्या विक्रीच्या ओळीवर बोट ठेवले. ते बरोबरच होते, पण ते पैसे बँकेत नव्हते. माल ग्राहकाच्या हाती पडून बिल झाले की विक्री त्याच महिन्यात धरली जाते. पैसे मात्र ६० दिवसांनी येतील, असे आराखड्यात गृहीत धरलेले होते. तोवर ती रक्कम ताळेबंदात 'येणे' या ओळीत बसून राहते. यंत्राचे याच्या उलट होते. ९ लाखांच्या यंत्राचे पैसे पहिल्याच दिवशी गेले, परंतु ते तीन वर्षे चालणार असल्यामुळे नफा-तोटा पत्रकात तिमाहीचा घसारा म्हणून फक्त पाऊण लाख दिसला आणि उरलेले सव्वाआठ लाख ताळेबंदात मालमत्ता म्हणून राहिले.

मग व्याज आणि कर बाजूला ठेवून आम्ही महिनावार रोकड मांडली. दोघांचे भांडवल १५ लाख, त्यातून यंत्राचे ९ गेले, उरले ६. पहिल्या महिन्यात वापरायला ४ लाखांचा आणि साठ्याला ४ लाखांचा कच्चा माल रोखीने घेतला, शिवाय पगार आणि भाडे ३ लाख. म्हणजे शिल्लक उणे ५. दुसऱ्या महिन्यात आणखी ७ गेले आणि आले काहीच नाही, म्हणून उणे १२. तिसऱ्या महिन्यात पहिले ८ आले, ७ गेले, उणे ११. तिमाहीची विक्री २४, माल १२, पगार-भाडे ९ आणि घसारा पाऊण. नफा खरोखरच सव्वादोन लाख. पण १६ लाख ग्राहकांकडे आणि ४ लाख साठ्यात अडकलेले होते. कर्ज या खड्ड्यासाठी होते. ते उत्पन्न नसल्यामुळे नफा-तोटा पत्रकात दिसत नाही. रोख प्रवाहात ते जमेला येते आणि ताळेबंदात देणे म्हणून उभे राहते. (आराखड्यात केवळ तिमाहीअखेरचे आकडे होते, त्यामुळे दुसऱ्या महिन्याचा सर्वांत खोल तळ कुठे छापलेलाच नव्हता. रोकड महिनावारच मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.)

कर्ज धरून ताळेबंद मांडला, तेव्हा रोकड ४, येणे १६, साठा ४ आणि यंत्र सव्वाआठ, एकूण सव्वाबत्तीस लाख झाले. दुसऱ्या बाजूला भांडवल १५, कर्ज १५ आणि नफा सव्वादोन. नफा-तोटा पत्रकाची शेवटची ओळ आणि रोख प्रवाहाची अखेरची शिल्लक, दोन्ही इथे येऊन मिळतात, हे बाईंनी स्वतःच दोन रेघा ओढून दाखवले. आता सगळे जुळले, म्हणजे आराखडा बरोबर आहे, असे त्या म्हणाल्या.

इथे मला थांबवावे लागले. मी भागीदारांना त्यांच्या तक्त्यात ६० दिवसांच्या जागी ९० घालायला सांगितले. नफा सव्वादोन लाखच राहिला. ताळेबंदाची बेरीजही सव्वाबत्तीसच राहिली, कारण येणे १६ चे २४ झाले आणि रोकड तेवढ्याच ८ लाखांनी घटली. मात्र ती ४ वरून उणे ४ वर आली होती, म्हणजे कर्ज घेऊनही तिसऱ्या महिन्याचे पगार पूर्ण देता आले नसते. दोन बाजू जुळल्या की बेरजेची चूक नाही एवढेच कळते. गृहीतक चुकले असेल, तर ते तसेच्या तसे दोन्ही बाजूंना जुळून बसते.

बाई बराच वेळ त्या उणे ४ कडे पाहत राहिल्या. मग त्यांनी भागीदारांना विचारले, "हे ६० दिवस तुम्हाला कोणी सांगितले?" ते अंदाजाने लिहिले होते. ग्राहकांशी रोजचे बोलणे बाईंचेच असे. पैसे किती दिवसांनी देणार, हे त्यांना आजवर कोणी विचारायलाच सांगितले नव्हते. पुढच्या बैठकीपूर्वी तीन मोठ्या ग्राहकांकडून ते लेखी आणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि कर्जाचा आकडा तोवर रिकामा ठेवायचे ठरले.